तुम्ही विचारलंत म्हणून : स्कोपचा सेन्स ०.८१९ का

"दादा, स्कोपचा सेन्स वेगळा कशाला ठेवतोस? १ ठेव की सरळ, गेमला कळतं ना ते."

गेमला कळतं, पण अर्धंच कळतं. सेन्स म्हणजे माउस हलवला की काउंटर-स्ट्राइकमध्ये नेम किती फिरतो ते, आणि स्कोप लावल्यावर त्यासाठी वेगळा आकडा टाकता येतो. आणि हे मी किती पोरांना तोंडी सांगितलंय त्याचा हिशोब नाही, दर मे महिन्यात मुंबईची पोरं गावाला आली की पुन्हा पहिल्यापासून, म्हणून एकदाच नीट लिहितोय.

काउंटर-स्ट्राइकमध्ये स्कोप नसताना व्ह्यू ९० अंशांचा (हा ९० चा हिशोब ४:३ स्क्रीनचा, आपल्या रुंद स्क्रीनवर बाजूला आणखी दिसतं ते सोडा) आणि ऑप या स्नायपर बंदुकीचा पहिला झूम ४० अंशांचा. स्कोप लावला की गेम ४० भागिले ९० करतो, ०.४४ येतं, तेवढा सेन्स कमी करतो आणि मग त्याला तुमच्या स्कोपवाल्या आकड्याने गुणतो. म्हणजे १ ठेवलं की सेन्स सव्वादोन पटीने कमी झाला. पण चित्र किती मोठं झालं? सव्वादोन पट नाही. स्क्रीन सपाट असते, त्यामुळे चित्राचा आकार अंशांच्या प्रमाणात बदलत नाही, अर्ध्या कोनाच्या टॅनच्या प्रमाणात बदलतो. ४५ चा टॅन १, २० चा टॅन ०.३६४, म्हणजे क्रॉसहेअर, स्क्रीनच्या मधलं नेमाचं चिन्ह, त्याच्या जवळचं चित्र पावणेतीन पट मोठं होतं. चित्र पावणेतीन पट वाढलं आणि सेन्स फक्त सव्वादोन पट उतरला, म्हणजे स्कोपमध्ये हात जरा जास्तच पळणार. ०.३६४ भागिले ०.४४४ केलं की ०.८१९ येतं. बस, एवढंच आहे ते, कुणा प्रो प्लेअरची नक्कल नाही.

आता मला हे कसं कळलं ते सांगतो, कारण तुम्ही जे बोलता तेच मी तेव्हा बोलायचो.

चिपळूणला लॅन स्पर्धा होती, सीएस गो च्या दिवसांतली. सेमीफायनल, मिराज मॅप, १४-१५ ने आम्ही मागे. शेवटच्या राउंडला मी एकटा आणि समोरही एकच, मी मिडच्या विंडोत ऑप घेऊन बसलेलो. तो टॉप मिडवरून निघाला. क्रॉसहेअर त्याच्या जवळच होता, चिमूटभर सरकवायचा होता फक्त. मारली, गेली पलीकडून. तो परत आत गेला, परत निघाला, मारली, पुन्हा पलीकडून. तिसरीही तशीच, आणि मग त्याने मला टिपलं. कुणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं. परत येताना एसटीत पुढच्या सीटवरचा आमचाच एकजण हळूच म्हणाला, हात थरथरतो रे याचा. थरथरलाही असेल, मे महिन्याचा उकाडा, हाताला घाम, हे मी नाकारत नाही. पण मॅचचं रेकॉर्डिंग, म्हणजे डेमो, पेनड्राइव्हवर आणला होता तो घरी रात्री एक-एक फ्रेम पुढे करून बघितला, आणि तिन्ही गोळ्या माणसाच्या त्याच बाजूने गेलेल्या, म्हणजे मी ज्या दिशेला सरकवत होतो त्या दिशेला, थोड्या पुढे. हात थरथरला तर एक अलीकडे पडेल, एक पलीकडे. तिन्ही पलीकडेच कशा?

दुसऱ्या दिवशी मोजायला बसलो. मध्येच लाइट गेली, दुपारी आली, पुन्हा बसलो. रिकामा सर्व्हर, १९२० बाय १०८० स्क्रीन, सेन्स १, विंडोजचं माउस अ‍ॅक्सिलरेशन बंद. फरक मिलिमीटरमध्ये हरवू नये म्हणून डीपीआय ८०० वरून ४०० वर आणला. मॉनिटरवर क्रॉसहेअरच्या उजवीकडे १०० पिक्सेलवर, चोवीस इंचीवर ते पावणेतीन सेंटीमीटर येतं, चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला. पट्टीच्या कडेला भिंतीवरचा जो डाग येईल तो धरायचा, क्रॉसहेअर त्याच्यावर न्यायचा आणि पॅडवर ठेवलेल्या शाळेच्या पट्टीवर माउस किती सरकला ते बघायचं. स्कोप नसताना २३ मिलिमीटर. स्कोप लावून, आकडा १ असताना, १९. वाटलं चुकलो, परत मोजलं, परत १९. मग क्रॉसहेअरखालचाच एखादा डाग धरून उलटं करून बघितलं, स्कोपमध्ये माउस मुद्दाम डावीकडे २३ सरकवला तर डाग चिकटपट्टी ओलांडून जवळजवळ २० पिक्सेल पुढे. स्क्रीनवर साधारण ६ मिलिमीटर. चिपळूणला गोळ्या गेल्या त्या तेवढ्याच पुढून गेल्या असं छातीठोक नाही सांगणार, पण बाजू तीच होती.

मग कन्सोलमध्ये हे टाकलं:

```
zoom_sensitivity_ratio_mouse 0.819
```

आणि पुन्हा मोजलं तर २३ ला २३. सीएस २ मध्ये कमांडचं नाव वेगळं आहे:

```
zoom_sensitivity_ratio 0.819
```

हा आकडा उचलून व्हॅलोरंटमध्ये टाकू नका प्लीज, तिथे मुळात व्ह्यूच १०३ चा आहे, हिशोब वेगळा येतो.

आता जे मी तोंडी सांगताना गाळतो ते. एक, ऑपच्या दुसऱ्या झूमला हा आकडा पूर्ण बसत नाही. तो झूम १० अंशांचा, त्याचा हिशोब केला तर ०.७८७ येतं, आणि गेममध्ये दोन्ही झूमसाठी आकडा एकच. म्हणजे एकाला न्याय दिला की दुसऱ्यावर थोडा अन्याय. मी पहिला झूम धरला कारण मी बहुतेक गोळ्या त्यातच मारतो. तुम्ही डबल झूमवर लांब अँगल धरून बसणारे असाल तर तुमचा आकडा वेगळा असायला हवा.

दुसरं जास्त महत्त्वाचं, आणि इथे तुमचं बरोबर आहे. ०.८१९ बरोबर आहे ते क्रॉसहेअरजवळ. लांबच्या फ्लिकला, म्हणजे झटक्यात नेम लांब वळवायला, ते कमी पडतं. ७२० पिक्सेल लांब, म्हणजे ४:३ स्क्रीनची जिथे कड येईल तिथे, हाताच्या सवयीने फ्लिक मारली तर ०.८१९ वर क्रॉसहेअर ५८० च्या आसपासच थांबतो, आणि १ वर बरोब्बर त्या जागी पोचतो, दोन्ही झूमला. म्हणजे गेममध्ये डिफॉल्ट १ ज्याने ठेवला त्याने काहीच विचार केला नाही असं नाही, त्याने कड धरली, मी मध्य धरला. प्रत्येक अंतराला हात सारखाच चालेल असा आकडा निघूच शकत नाही, कारण कोन आणि सपाट चित्र यांचं गणितच जमत नाही.

गुहागरचा माझा मावसभाऊ १ वरच खेळतो आणि धावत धावत लांबच्या फ्लिका मारतो, मी त्याला बदल म्हणत नाही. मी अँगल धरून बसतो, माझं गिऱ्हाईक क्रॉसहेअरच्या बोटभर बाजूला येतं, म्हणून माझं ०.८१९. आता तेव्हाचा मी आज समोर बसला असता तर म्हणाला असता, अरे मग लांबचा निघाला तर काय करशील? मार्चमध्ये एक महिना ०.९ करून बघितलं त्यासाठी. जवळचेही जरा पुढे जायला लागले आणि लांबचेही पोचेनात, परत ०.८१९ वर आलो. लांबचा निघाला तर हल्ली मी स्कोप काढून वळतो आणि मग पुन्हा लावतो, त्यात वेळ जातो, कधी कधी मरतोही.