आमची वाटचाल: शेकरूच्या शेपटीने शिकवलेला हिशेब

पुण्यात आमचा छोटा स्टुडिओ आहे. सुरुवातीची काही वर्षं आम्ही बिल्डर लोकांसाठी इमारतींचे थ्रीडी वॉकथ्रू करत होतो. भिंत, काच, फरशी, झाडं यांवर पोट चालत होतं, पण मन प्राण्यांमध्ये होतं. एका निसर्ग माहिती केंद्राने शाळेच्या मुलांसाठी टॅबलेटवर चालणारं शेकरू मागितलं, तेव्हा आमच्या कामाची दिशा बदलली. अट एकच होती. टॅबलेट आधीच घाऊक विकत घेतलेले होते, मध्यम किमतीचे अँड्रॉइड, १९२० × १२०० पडदा. प्राणी त्यांच्यावरच चालायला हवा होता आणि मुलांना तो बोटाने फिरवून जवळून बघता यायला हवा होता.

शेकरू म्हणजे भीमाशंकरच्या जंगलातली मोठी खार, आपल्या राज्याचा प्राणी. डोकं आणि धड मिळून साधारण ३५ सेंटीमीटर, अंगावर तांबूस-तपकिरी आखूड लव, पोट फिकट, आणि धडापेक्षा लांब अशी झुपकेदार शेपटी. एकाच प्राण्याच्या अंगावर दोन अगदी वेगळ्या जातीचे केस. आम्ही आज जे काही जाणतो त्यातलं बरंचसं या फरकातून शिकलो.

केस दाखवायची आम्ही निवडलेली पद्धत जुनी आहे. १९८९ मध्ये काजिया आणि के यांनी केसांना पृष्ठभागावरच्या जाड त्रिमितीय टेक्श्चरसारखं हाताळायची कल्पना मांडली, आणि २००१ मध्ये लेंग्येल व सहकाऱ्यांनी थरांच्या रूपात ती ग्राफिक्स कार्डावर चालत्या वेगाने आणली. प्राण्याच्या कातडीचीच त्रिकोणांनी विणलेली जाळी थोडी थोडी फुगवून, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी, एकावर एक काढायची. प्रत्येक थरावर केसांचे फक्त आडवे छेद, म्हणजे ठिपके, उमटतात आणि बाकीची जागा पारदर्शक राहते. ठिपके एकावर एक आले की डोळा त्यांना उभा केस समजतो. खरा केस एकही नसतो.

थर किती लावायचे, हा पहिला प्रश्न. बहुतेक ठिकाणी सोळा किंवा बत्तीस असा आकडा ठोकून दिलेला दिसतो. आमच्या मते थर मोजायचे ते पडद्यावरच्या पिक्सेलमध्ये. प्राण्याच्या मध्यभागी आपण केसांकडे वरून बघतो, तिथे चार थरही पुरतात. कडेला मात्र आपली नजर थरांना समांतर जाते आणि दोन थरांमधली फट उघडी पडते. ती फट दोन-अडीच पिक्सेलच्या वर गेली की कडेवर रेघा दिसायला लागतात. म्हणून केसांची पडद्यावरची लांबी भागिले थरांची संख्या, हा एकच भागाकार आधी करायचा.

शेकरू सर्वांत जवळ येतं तेव्हा एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे २० पिक्सेल. अंगावरची लव आम्ही ८ मिलिमीटर धरली, म्हणजे १६ पिक्सेल. तिथे आठ थर लावले की फट दोन पिक्सेलची राहते. शेपटीचे केस ४ सेंटीमीटर, म्हणजे ८० पिक्सेल. तिथे आठ थरांत दहा पिक्सेलची फट पडते आणि शेपटी चकत्यांची वाटते. तिला बत्तीस थर हवेत. पण शेपटीला हवेत म्हणून सगळ्या प्राण्यालाच बत्तीस लावले, तर धडावरचे चोवीस थर फुकट जातात. त्यामुळे जाळीचे दोन भाग केले, धड आणि शेपटी, आणि दोघांना आपापली थरसंख्या दिली. जोडावर लांबी हळूहळू वाढवत नेली की शिवण दिसत नाही.

यातून वाचलं किती, तेही सांगतो. धडाच्या जाळीत ६,००० व्हर्टेक्स, म्हणजे त्रिकोणांचे कोपरे, आणि शेपटीत १,५००. सरसकट बत्तीस थरांत दर फ्रेमला २,४०,००० व्हर्टेक्स हलवायचे. वेगळे केल्यावर ९६,०००. पिक्सेलच्या बाजूला, जवळच्या दृश्यात धड साधारण तीन लाख पिक्सेल व्यापतं आणि शेपटी १ लाख २० हजार. सरसकट बत्तीस थरांत शेडर, म्हणजे एकेका पिक्सेलचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम, सुमारे १ कोटी ३४ लाख वेळा चालतो, वेगळे केल्यावर सुमारे ६२ लाख वेळा. अख्खा पडदाच २३ लाख पिक्सेलचा आहे, हे लक्षात घेतलं की या आकड्यांचं वजन कळतं.

खर्च नक्की कुठे होतोय हे ओळखायची एक साधी चाचणी आहे आणि ती आम्ही आजही प्रत्येक प्राण्यावर करतो. रेंडर करायचं रिझोल्यूशन दोन्ही बाजूंनी अर्धं करायचं. फ्रेमचा वेळ एकदम उतरला तर ओझं पिक्सेलचं आहे. वेळ जवळपास तसाच राहिला तर ओझं व्हर्टेक्सचं आहे, आणि मग शेडर कितीही घासूनपुसून उपयोग नाही. शेकरूच्या बाबतीत वेळ फारसा हलला नाही. कारण प्रत्येक थर काढताना सांगाड्याच्या हाडांप्रमाणे जाळी हलवण्याचं तेच गणित पुन्हा पुन्हा होत होतं. ते गणित दर फ्रेमला एकदाच करून बफरमध्ये ठेवलं आणि सगळे थर त्या बफरमधून इन्स्टन्सिंगने, म्हणजे एकाच आज्ञेत त्याच जाळीच्या अनेक प्रती मागवून, काढले. मोबाइलच्या ग्राफिक्स चिपा चित्र तुकड्या-तुकड्यांनी रंगवतात आणि त्याआधी प्रत्येक त्रिकोण कोणत्या तुकड्यात पडतो ते नोंदवून घेतात. त्यामुळे त्रिकोणांची संख्या तिथे जास्तच बोचते.

आता दाटपणाकडे येतो. मला या कामातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. सगळे केस एकाच उंचीवर संपले तर वरचा थर कापलेल्या हिरवळीसारखा सपाट दिसतो आणि रेघाही तिथेच ठळक होतात. प्रत्येक केसाला वेगळी उंची दिली की वरचे थर विरळ होत जातात आणि कड आपोआप विरघळते. कोड एवढाच:

```glsl
float r = texture(uNoise, vUv * uTile).r;
float h = pow(r, uFalloff);
if (h < vLayer) discard;
```

`r` हा नॉइज टेक्श्चरमधून, म्हणजे यादृच्छिक ठिपक्यांच्या चित्रातून, उचललेला शून्य ते एकमधला आकडा, `h` केसाची उंची आणि `vLayer` म्हणजे थराची उंची, मुळाशी शून्य आणि टोकाला एक. सगळी मेख `uFalloff` मध्ये आहे. तो १ ठेवला तर अर्ध्या उंचीवर निम्मे केस उरतात. ०.५ ठेवला तर ७५ टक्के उरतात, म्हणजे लव वरपर्यंत दाट राहते आणि टोकाजवळच झपकन संपते. धडाला हाच आकडा बसला. २ ठेवला तर अर्ध्या उंचीवर जेमतेम २९ टक्के उरतात, थोडेच केस लांबवर जातात. शेकरूच्या शेपटीचा तो हवेशीर झुपका नेमका इथून आला.

विरळ होण्याचा हा क्रम थरांच्या मांडणीशीही जोडता येतो. मुळाशी केस दाट आणि गडद असतात, तिथली मोठी फट कुणाला दिसत नाही. दिसते ती टोकाकडची, तेही भीमाशंकरच्या शेकरूची शेपटी टोकाकडे फिकट आणि मागे जंगलाचा अंधार असल्यावर फारच. म्हणून थर समान अंतरावर न ठेवता `pow(i / N, 0.7)` या उंचीवर ठेवले. त्यामुळे ते टोकाकडे दाटीने येतात. चोवीस थरांत टोकाची फट ३.३ वरून साधारण २.३ पिक्सेलवर आली. शेपटीचे आठ थर वाचले आणि डोळ्याला फरक कळला नाही.

एक गोष्ट मात्र लांबून बघतानाच कळते. प्राणी मागे गेला की धडाची लव किंचित आखूड झाल्यासारखी वाटते, पण शेपटी एकदम बारीक, जवळजवळ केस काढल्यासारखी दिसते. याचं कारण मिपमॅप. लांब गेल्यावर नॉइज टेक्श्चरची लहान आवृत्ती वापरली जाते आणि तिच्यात शेजारच्या आकड्यांची सरासरी होते. शून्य ते एकमधले सगळे आकडे ०.५ कडे सरकतात. धडाच्या ०.५ घातात त्याची उंची होते ०.७१, शेपटीच्या २ घातात होते ०.२५. म्हणजे शेपटीचे सगळे केस एकाच वेळी एक चतुर्थांश उंचीवर कापले जातात. मिपमॅप बंद केले तर उंची परत येते, पण केस चमचमायला लागतात आणि ते जास्त वाईट.

यावर उपाय असा की लांब गेल्यावर केस-केसाचा हिशेब सोडून सरासरी दाटपणा वापरायचा. `1 - pow(vLayer, 1.0 / uFalloff)` एवढी त्या थराची अपारदर्शकता. जवळच्या दृश्यातून तिच्याकडे हळूहळू जायचं. ती दाखवायला आम्ही ब्लेंडिंग, म्हणजे रंग एकमेकांत मिसळणं, न वापरता चार नमुन्यांच्या एमएसएए बरोबर अल्फा-टू-कव्हरेज वापरतो. एमएसएएमध्ये पिक्सेलची कड चार नमुन्यांनी तपासली जाते, आणि अल्फा-टू-कव्हरेज अपारदर्शकतेच्या प्रमाणात त्यातले काही नमुनेच भरतं. या चिपांवर ते तुलनेने स्वस्त पडतं, आणि थर क्रमाने लावायचं बंधन राहत नाही. बंधन नसल्याने आधी कातडी आणि मग बाहेरून आत असे थर काढता येतात, म्हणजे वरच्या केसांमागे दडलेले पिक्सेल खोलीच्या चाचणीत लवकर गळतात.

अंतरानुसार शेपटीचे थर २४, १२, ६ असे निम्मे करतो, आणि तेही एकाआड एक गाळून. उरलेले थर जागचे हलत नाहीत, त्यामुळे झटका बसत नाही. ३० फ्रेमसाठी एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद मिळतात. त्यातले दहा फरला, असं आम्ही ठरवून टाकलंय. मोजमाप मात्र टॅबलेट चांगला पंधरा मिनिटं तापल्यावरच करायचं. थंड यंत्रावरचा आकडा माहिती केंद्रात दिवसभर चालणाऱ्या यंत्राला लागू होत नाही.

या कामानंतर आमचं कोटेशन बदललं. पूर्वी आम्ही विचारायचो, प्राणी किती खरा हवा. आता विचारतो, यंत्र कोणतं, पडदा केवढा आणि प्राणी सर्वांत जवळ किती येणार. या तीन उत्तरांतून थरांची संख्या निघते आणि त्यावरून किंमत.

सध्या अस्वलाचं काम चालू आहे. अंगावर थर उत्तम बसतात. खांद्यावरच्या लांब केसांना मात्र ही पद्धत पुरत नाही. दहा सेंटीमीटरचे केस, चेहऱ्याच्या जवळच्या दृश्यात सेंटीमीटरला १५ पिक्सेल, म्हणजे केसांची लांबी दीडशे पिक्सेल आणि थर पंच्याहत्तर. अस्वल ज्या यंत्रावर चालायचं आहे, त्यावर ते होणार नाही. म्हणून खांद्यावर केसांच्या झुबक्यांचं टेक्श्चर लावलेल्या पट्ट्या बसवल्या आहेत, आणि त्यांच्या मुळाशी आठ थरांची दाट लव ठेवली आहे, म्हणजे पट्ट्या कातडीत घुसतात ती जागा झाकली जाते.