दोरीच्या गाठी

१२ मे, रात्री

आज गुहागरच्या वरच्या अंगाला, सड्याजवळच्या एका वाडीत मोटर बघायला गेलो होतो. कामापेक्षा तिथला पहिला प्रश्नच डोक्यात घोळतोय, म्हणून आधी तेच लिहितो.

आप्पा ओटीवर बसले होते. मी बेड्यातून आत शिरत "नमस्कार आप्पा" म्हटलं. "नमस्कार. ये," म्हणाले, आणि मी टेकायच्या आतच, "एक विचारतो, राग मानू नकोस. तुझा खरंच काही उपयोग होणार आहे, की तूही बघून जाणार? तुझ्याआधी तिघे येऊन गेले."

प्रश्न खोचक वाटेल, पण त्यांच्या आवाजात खोच नव्हती, दमणूक होती. चैत्रापासून त्यांची मोटर पाणी उचलत नाही. विहिरीतल्या पाईपच्या तळाशी पाणी अडवून धरणारा फुटव्हॉल्व्ह दोनदा बदलून झालाय, आतला पंखाही नवा बसवलाय. पैसे गेले, आणि पोफळी अजून कोरड्याच.

माझा डिप्लोमा, पुण्याची पाच वर्षं, आजवर बसवलेल्या मोटरी, सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. मागच्या वर्षी एका घरी मी ते बोलूनही गेलो होतो. तिथे माझा पहिला अंदाज चुकला, आणि पुढचा बरोबर होता तरी कोणी ऐकून घेतलं नाही. आप्पांना तर माझ्या अनुभवाची खातरजमा करायला काही मार्गच नाही. "काळजी नको, करून देतो" हे तिघांनीही म्हटलं असणारच. चौथ्यानेही तेच म्हटलं तर त्यांनी काय ओळखावं? त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल, त्यात पैसा जाणार नाही आणि मी चुकलो तर तेही तिथल्या तिथे कळेल, असं काहीतरी हवं होतं.

म्हणून एवढंच म्हणालो, "ते आपण विहिरीवरच बघू. एक काथ्याची दोरी द्या, आणि ही मोटर माघात पाणी देत होती का, ते सांगा."

"माघात? धो धो देत होती. होळी झाली की बिघडते. गेल्या वर्षीही तसंच."

तिथेच मला अर्धं उत्तर मिळालं. दरवर्षी होळीनंतर बिघडणारी आणि पावसाळ्यात आपोआप सुधारणारी मोटर मुळात बिघडलेलीच नसते.

आधी फुटव्हॉल्व्ह तपासला, कारण सगळा खर्च त्याच्यावरच झाला होता. सक्शन पाईप वरून काठोकाठ पाण्याने भरला, बूच उघडंच ठेवलं आणि आप्पांना म्हटलं, यावर नजर ठेवा. पाणी खाली बसायला लागलं तर व्हॉल्व्ह गळतोय किंवा पाईप कुठेतरी सुटलाय. पंधरा-वीस मिनिटं झाली, पाणी बोटभरही हललं नाही. मग मोटर लावली. एक भक्कन उसासा, थोडं पाणी, आणि लगेच आत खडे फिरल्यासारखा खडखडाट. बंद केली.

मग दोरीला हाता-हातावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि मोटरच्या उंचीपासून खाली सोडली. गाठी आप्पांनीच मोजल्या. पाण्यापर्यंत १८ हात, म्हणजे २७ फूट. जांभ्यावर शेवाळाची एक काळपट रेघ दिसत होती. "माघात पाणी तिथवर होतं," ते म्हणाले. तिथवरची दोरी भरली १२ हात, १८ फूट.

तेव्हा कुठे तोंड उघडलं. मोटर पाणी ओढते असं आपण म्हणतो, पण ती पाईपमधली हवा कमी करते आणि बाहेरची हवा विहिरीतलं पाणी वर रेटते. समुद्रसपाटीला हा रेटा पाणी फार तर ३४ फूट उभं करू शकतो, तेही पाईपमध्ये हवेचा लवलेश नसेल तर. आपल्या साध्या मोटरीला तेवढं जमत नाही, पाईपमध्ये घर्षणही असतं, त्यामुळे प्रत्यक्षात २२-२३ फुटांवर गाडी थांबते. १८ फुटांवर ती चालणारच होती आणि २७ वर थांबणारच होती. नवा पंखा घातला म्हणून हवेचा रेटा वाढत नाही. वर ढकलण्याचं मात्र तसं नाही. पाणी एकदा मोटरमध्ये आलं की ती ते चांगलं उंच चढवते.

आप्पा बराच वेळ दोरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं, हे खरं की खोटं ते कळायचं कसं?"

तो प्रश्न मला मनापासून आवडला. विहिरीत उतरायला जांभ्याच्या पायऱ्या आहेत, आणि काठापासून ८ फुटांवर एक रुंद टप्पा. मी आधीच सांगून टाकलं: मोटर त्या टप्प्यावर ठेवली तर पाणी १९ फुटांवर येईल, मग चढायला हवं. नाही चढलं तर माझं म्हणणं चूक, आणि तुम्ही पाचवा माणूस बोलवा.

फ्यूज काढून आप्पांच्याच हातात दिला. त्यांचा नातू आणि मी, दोघांनी मोटर दोराने खाली घेतली. सक्शन पाईप ८ फूट कापला आणि तोच तुकडा वर चढणाऱ्या पाईपला जोडला. पाणी भरलं, बूच घट्ट केलं, दोघेही वर आलो, मग फ्यूज. पाच-सहा सेकंद नुसती घरघर. तेवढ्या वेळात माझेही हात गार पडले होते. मग वाडीतल्या पाईपच्या तोंडातून फुस्स करून हवा आली, आणि मागोमाग पाण्याची सलग धार. खडखडाट नाही. आप्पा काही बोलले नाहीत, पोफळीच्या पहिल्या आळ्याशी जाऊन उभे राहिले आणि पाणी मुरताना बघत राहिले.

खरं तर मी तेवढ्यावर निघू शकलो असतो. पण विहीर दिवसाला किती पाणी देईल ते मला ठाऊक नव्हतं, आणि तसं सांगितलंही. अर्धा तास मोटर चालवून परत दोरी सोडली, तर पाणी दीड हात उतरलेलं. दोन तास थांबलो, जेमतेम एक हात भरलं. म्हणजे सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, त्यापुढे नाही. पाणी आजच्या खुणेच्या दोन हात खाली गेलं की मोटर पुन्हा त्याच २२ फुटांवर येऊन अडेल. शिवाय पावसाळ्यात तो टप्पा बुडतो, तेव्हा मोटर तिथे राहिली तर जळणार. कायमचा उपाय म्हणून पाण्यात बुडवायची मोटर मिळते, पण ती आत्ताच घ्या असं मी म्हटलं नाही. आधी या वर्षीची झाडं वाचू देत.

निघताना आप्पांनी मजुरी दिली, मी दोरी गुंडाळून त्यांच्याकडे दिली. ते म्हणाले, "अठराव्या गाठीला लाल चिंधी बांध. आणि तिच्याखाली दोन हातांवर आणखी एक. रोज मीच बघेन."

दोन्ही चिंध्या बांधून दिल्या.

मृगाच्या आधी मोटर वर काढायला आप्पांकडे जायचं आहे. ५ जूनच्या पानावर लिहून ठेवलं.