आमची वाटचाल: गरम वाऱ्यामागे लागलो, गरम पाणी दुसरीकडेच सापडलं

आमचा मूळ धंदा एसी बसवण्याचा आणि दुरुस्तीचा. मी, माझा मेव्हणा आणि एक हेल्पर, एवढीच कंपनी. उन्हाळ्यात गच्चीवर आउटडोअरसमोर बसून काम करताना अंगावर जो वारा येतो, तो खाल्लेल्या माणसाला एक विचार हमखास सुचतो: ही एवढी उष्णता फुकट चालली आहे आणि खाली त्याच इमारतीत गिझर चालू आहे. आम्हालाही तोच सुचला आणि तिथूनच आम्ही चुकायला सुरुवात केली.

हिशोब तर भुरळ घालणारा होता. दीड टनाचा एसी खोलीतून साधारण पाच किलोवॅट उष्णता उचलतो, वर स्वतः दीड किलोवॅट वीज खातो. हे दोन्ही मिळून साडेसहा किलोवॅट आउटडोअरमधून बाहेर पडतात. म्हणजे घरातल्या दोन किलोवॅटच्या गिझरसारखे तीन गिझर सतत चालू असल्यासारखं. मग आम्ही तांब्याच्या नळीचं वेटोळं करून आउटडोअरच्या जाळीसमोर बांधलं, त्यातून पाणी फिरवलं आणि वाट बघत बसलो.

पाणी कोमट झालं. 38 अंशांच्या पुढे काही केल्या जाईना. कारण तेव्हा कळलं नाही, आता सांगायला सोपं आहे. बाहेर पडणारी हवा भरपूर असते, पण ती बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम दहा-पंधरा अंशच गरम असते, आणि हवेतून नळीत उष्णता शिरते ती फार सावकाश. पाणी नीट तापवायचं तर वेटोळं दाट करायला हवं. ते दाट केलं की पंख्याची वाट अडते. आम्ही दाट केलं. जुनं, आर-22 गॅसचं मशीन होतं. गेजवर एरवी अडीचशेच्या आसपास असणारं हेड प्रेशर, म्हणजे कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गॅसचा दाब, सव्वातीनशे पीएसआयवर गेलं, क्लॅम्प मीटरवर सात अँपिअरचे नऊ झाले आणि थोड्या वेळाने कॉम्प्रेसर ओव्हरलोडवर बंद पडला. खोली गरम, पाणी कोमट आणि विजेचं बिल वाढलेलं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, आपण एसीच्या तोंडावर उशी दाबून धरलीय." ते वेटोळं त्याच संध्याकाळी उतरवलं.

उत्तर हवेत नव्हतं, गॅसमध्ये होतं. कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी डिस्चार्ज लाइन हात लावता येणार नाही इतकी तापलेली असते, 75 ते 90 अंश. हा गॅस कंडेन्सरमध्ये, म्हणजे आउटडोअरमधल्या पंख्याजवळच्या नळ्यांमध्ये, आधी थंड होतो आणि मग 45-50 अंशांना त्याचं द्रव होतं. वारा बनून विरायच्या आधीच ही उष्णता पकडायची, म्हणजे कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर यांच्यामध्ये पाण्याची टाकी घालायची. यालाच आमच्या धंद्यात डीसुपरहीटर म्हणतात. कंडेन्सर आणि त्याचा पंखा जसाच्या तसा राहतो. त्यामुळे पाणी पूर्ण तापलं तरी एसीचं काही अडत नाही, उरलेली उष्णता नेहमीसारखी बाहेर जाते.

आमची टाकी 100 लिटरची, स्टेनलेस स्टीलची. तांब्याची नळी टाकीच्या आत न सोडता बाहेरून घट्ट गुंडाळतो, मध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट भरतो आणि वरून पफ फोमचं इन्सुलेशन करतो. नळी आत सोडली तर पाणी लवकर तापतं हे खरं. पण नळीला एक बारीक भोक पडलं की गॅस पाण्यात, किंवा त्याहून वाईट म्हणजे पाणी कॉम्प्रेसरमध्ये. शिवाय जड पाण्याचे क्षार गरम नळीवर थर धरतात. बाहेरून गुंडाळली की दोन्ही भानगडी मिटतात. गॅस वरून आत घेतो, खालून बाहेर काढतो आणि टाकी कंडेन्सरच्या वरच्या पातळीला ठेवतो. सकाळी टाकी थंड असताना काही गॅसचं तिथेच द्रव होतं. ते द्रव आणि त्याबरोबरचं तेल उताराने पुढे जायला हवं, खाली साचायला नको.

या थंड टाकीमुळे एक गंमत बघायला मिळते. टाकीवर थर्मामीटर लावून बसलं तर पाणी 26 वरून 42 अंशांवर साधारण सव्वा तासात जातं, कारण तेव्हा गॅस द्रव होताना सोडतो ती मोठी उष्णताही पाण्याला मिळते. पण पुढचे दहा अंश चढायला जवळजवळ दोन तास लागतात. पाणी गॅसच्या द्रव होण्याच्या तापमानाजवळ आलं की ती मोठी उष्णता मिळणं बंद होतं आणि फक्त वरची धग उरते. ती एकूण उष्णतेच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी असते. "आधी भराभर तापलं, आता अडकलंय, गॅस कमी झाला का?" असा फोन नव्या गिऱ्हाइकाकडून पहिल्या आठवड्यात येतोच. गॅस कमी झालेला नसतो.

पहिलं खरं काम मिळालं ते एका ब्युटी पार्लरचं. एसी दिवसभर चालू आणि केस धुवायला गरम पाणीही दिवसभर. जोडी याहून चांगली जमली नसती. मी मोठ्या रुबाबात कोटेशन दिलं आणि त्यात लिहिलं, रोज 40 युनिटची बचत. साडेसहा किलोवॅट गुणिले तास, असा माझा हिशोब. पार्लरच्या ताईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "दादा, माझा गिझरच दिवसाला एवढं खात नाही. मग वाचणार कुठून?"

या प्रश्नावर माझ्याकडे काहीच नव्हतं. उष्णता किती निघते ते मी मोजलं होतं, गरम पाणी किती लागतं ते विचारलंच नव्हतं. ते कोटेशन मी परत घेतलं आणि आधी दोन आठवडे त्यांच्या गिझरच्या लाइनवर सबमीटर लावून ठेवला. तेव्हापासून सबमीटर लावल्याशिवाय आम्ही काम घेत नाही.

सबमीटरने दाखवले रोजचे सरासरी 4.8 युनिट. ताळा असा जमला: रोज 100 लिटर पाणी 26 वरून 60 अंशांवर, म्हणजे 34 अंशांची वाढ. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला 1.163 वॅट-तास लागतात, तेव्हा 100 गुणिले 34 गुणिले 1.163, साधारण चार युनिट. उरलेलं पाऊण-आठ दशांश युनिट गिझर नुसता गरम राहण्यात घालवत होता.

टाकी बसवायला दीड दिवस लागला. गॅस सिलिंडरमध्ये काढून घेतला, डिस्चार्ज लाइन कापली, नायट्रोजन सोडत ब्रेझिंग केलं, 500 मायक्रॉनपर्यंत व्हॅक्यूम ओढला आणि वाढलेल्या नळीपुरता गॅस वजनावर जास्त भरला. टाकीतलं पाणी थेट नळाला न देता गिझरच्या इनलेटला दिलं आणि गिझरचा थर्मोस्टॅट 60 वरच ठेवला. यावर ताईंचं म्हणणं होतं की टाकी आहे तर गिझर 45 ला लावू, अजून वाचेल. मी ऐकलं नाही. कोमट पाणी टाकीत पडून राहिलं तर त्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढू शकतात आणि फवाऱ्याच्या तुषारांतून ते श्वासात जातात. दोन-अडीच युनिटसाठी तो धोका घ्यायचा नाही. 60 अंशांचं पाणी थेट डोक्यावर पडू नये म्हणून पुढे मिक्सिंग व्हॉल्व्ह, आणि टाकीवर प्रेशर सुटायचा व्हॉल्व्ह, हे दोन्ही बसवलं.

पुढच्या महिन्यात गिझरचा सबमीटर 2.2 युनिटवर आला. टाकीतून गिझरला सरासरी 48 अंशांचं पाणी मिळत होतं, वरचे 12 अंश गिझर भरत होता आणि त्याची स्वतःची गळती होतीच. बचत रोज 2.6 युनिट, 26 दिवसांचे साधारण 68. कोटेशनमधल्या 40 पुढे आकडा केविलवाणा दिसतो, पण हा मीटरवरचा होता. एसीची वीजही कमी होते का, असं विचारतात. थोडी होत असावी, कारण कंडेन्सरचा भार हलका होतो. आमच्या मीटरवर तो फरक रोजच्या हवामानाच्या चढउतारात हरवून जातो, म्हणून कोटेशनमध्ये तो धरत नाही.

चार महिन्यांनी ताईंचा फोन आला, गिझर परत चारच्या वर गेलाय. मेव्हणा गेज घेऊन निघाला. गॅस ठीक, पेस्ट ठीक. टाकीच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या नळीच्या तापमानात वीस अंशांचा फरक, म्हणजे टाकी उष्णता घेत होती. बिघाड नव्हताच, थंडी आली होती. एसी दिवसातून तास-दीड तास चालत होता. गरम पाणी सगळ्यात जास्त हवं असतं तेव्हाच ही युक्ती सुट्टीवर जाते, आणि हे मी आधी सांगायला हवं होतं. आता कोटेशनमध्ये महिन्यावार आकडे लिहितो, थंडीच्या महिन्यांपुढे शून्य.

इन्व्हर्टर एसीने आमची अजून वेगळी परीक्षा घेतली. खोली गार झाली की तो कॉम्प्रेसर मंद करतो. मग गॅस कमी वाहतो आणि डिस्चार्जही फार तापत नाही. तिथे टाकी दुपारपर्यंत कोमटच राहते. आर-32 च्या मशीनला डिस्चार्ज जास्त तापतो, ही जमेची बाजू. पण तो गॅस पेट घेऊ शकतो, त्यामुळे टाकी मोकळ्या हवेत आणि ब्रेझिंगआधी लाइन पूर्ण रिकामी. आर-290 म्हणजे प्रोपेनच. त्या मशीनची लाइन आम्ही कापतच नाही, कितीही आग्रह झाला तरी.

मागच्या महिन्यात एका घरगुती गिऱ्हाइकाच्या तक्रारीवर गेलो होतो. एसीचं बिल वाढलंय म्हणाले. विचारपूस केल्यावर निघालं की सासूबाई पहाटे आंघोळीच्या पाण्यासाठी रिकाम्या खोलीत एसी लावत होत्या. "पाणी फुकट तापतं ना, तुम्हीच सांगितलंत." त्यांना सबमीटरपाशी नेऊन दाखवलं: एसी तासाला दीड युनिट खातो आणि पाण्याला मिळतं त्याहून कमी, त्यापेक्षा गिझर परवडला. आजी म्हणाल्या, "मग हे आधी भिंतीवर लिहून का नाही लावलंत?" आता प्रत्येक टाकीवर आम्ही स्टिकर चिकटवतो: खोली गार करायची असेल तरच एसी लावा.