अजेंड्याची मेल ठरावापासून लिहायला घ्या

तुम्ही विचारलंत: "बोर्ड मीटिंगच्या आधी अजेंड्याची मेल मीच पाठवतो. विषयांची यादी असते, कागद जोडलेले असतात. तरी कुणी वाचून येत नाही आणि निम्मे निर्णय पुढच्या मीटिंगवर जातात. मेलमध्ये नक्की लिहायचं तरी काय?"

मेल उघडण्याआधी ठराव लिहा. मीटिंग संपल्यावर इतिवृत्तात जे वाक्य जायला हवं, ते आधी कागदावर उतरवा. मग त्या वाक्यावरून मागे यायचं: हे ठरवायला संचालकांनी काय वाचायला हवं, बोलायला किती वेळ लागेल, विषय कितव्या क्रमांकावर घ्यावा. मेल हे या कामाचं शेवटचं टोक आहे. बहुतेक जण सुरुवातच तिथून करतात आणि मग "यंत्र खरेदीबाबत चर्चा" अशी ओळ लिहून मोकळे होतात. "बाबत" या शब्दाने संपणाऱ्या विषयावर सहसा निर्णय होत नाही, कारण आपल्याकडून काय हवंय हेच कुणाला कळलेलं नसतं.

उदाहरण घेऊ. चाकणजवळ सुटे भाग बनवणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, पाच संचालक, मीटिंग शनिवार, 14 मार्च 2026. मुख्य विषय सीएनसी यंत्र घेण्याचा. ठराव असा लिहिला: "कंपनीने एक सीएनसी टर्निंग सेंटर सर्व खर्चासह 82 लाख रुपयांच्या मर्यादेत खरेदी करावं, त्यासाठी बँकेकडून 50 लाखांचं मुदत कर्ज पाच वर्षांच्या फेडीने घ्यावं, आणि कर्जाच्या कागदपत्रांवर सह्या करण्याचा अधिकार व्यवस्थापकीय संचालकांना द्यावा."

हे एक वाक्य लिहितानाच भोकं दिसू लागतात. कोटेशनवर आकडा आहे 69 लाखांचा, मग 82 कुठून आले? 18 टक्के जीएसटीचे 12.42 लाख, वाहतूक आणि पायाचे 58 हजार, असे मिळून 82. हा हिशेब विषयासोबत पाठवायच्या टिपणात नसेल, तर एक संचालक 69 डोक्यात धरून बोलतो, दुसरा 82, आणि पंधरा मिनिटं त्यातच जातात. उरलेले 32 लाख कुठून यायचे? त्यातल्या जीएसटीचं क्रेडिट नंतर मिळणार असलं, तरी आज ते पैसे खात्यात लागतात. हेही टिपणात हवं. सह्यांचं तर नेहमीच राहून जातं. बँकेला ठरावाची प्रमाणित प्रत लागते आणि बऱ्याच बँकांचा मजकुराचा स्वतःचा नमुना असतो. तो आधीच मागवून घ्या आणि मसुद्यात तीच भाषा वापरा. नाहीतर ठराव होतो, बँक तो परत पाठवते आणि एका ओळीसाठी पुन्हा बोर्ड बोलवावं लागतं. कर्ज घेण्याचा ठराव कंपनी कायद्याच्या कलम 179 प्रमाणे मीटिंगमध्येच करावा लागतो. तो अधिकार आधी कुणाकडे सोपवलेला नसेल, तर मेलवर सगळ्यांची "संमती आहे" घेऊन भागत नाही.

आता टिपण. दोन पानं पुरतात. पहिल्या परिच्छेदात ठरावाचा सार, मग आत्ताच का (इथे कोटेशन 20 मार्चपर्यंतच वैध आहे), खर्चाचा तक्ता, कोणते दोन पर्याय पाहून सोडले, आणि काम अपेक्षेपेक्षा कमी आलं तर हप्ता कसा भरणार. शेवटची ओळ विसरू नका: या व्यवहारात कुणा संचालकाचा हितसंबंध आहे का, असल्यास कोणता. सेक्रेटरियल स्टँडर्ड-1 या बोर्ड मीटिंगच्या नियमावलीप्रमाणे मंजुरीच्या विषयाच्या टिपणात हे असायलाच हवं. नसेल तर "कुणाचाही नाही" असं स्पष्ट लिहा. जागा कोरी ठेवली की शंका येते.

वेळ अंदाजाने टाकू नका, मोजा. टिपण वाचून आलेल्या माणसांना विषय समजावायला पाच मिनिटं. पाच संचालक, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे वीस. प्रश्नोत्तरांना दहा. ठरावाचा मजकूर वाचून पक्का करायला पाच. झाली चाळीस मिनिटं. यादीत "15 मिनिटं" लिहिलीत, तर खाली ठेवलेले सगळे विषय त्या पंचवीस मिनिटांचा भुर्दंड भरतात. सगळ्या विषयांची बेरीज करून ती मीटिंगच्या वेळेत बसते का, हे पाठवण्याआधी एकदा पाहाच. बसत नसेल तर विषय काढा. मिनिटं कापून चर्चा कमी होत नाही.

क्रमात एकच आग्रह: मोठा निर्णय इतिवृत्तानंतर लगेच. आपल्याकडे आधी मागील कामांचा आढावा, मग विक्रीचे आकडे, मग हिशेब, आणि जेवणाच्या तोंडावर 82 लाखांचा विषय, अशी चाल पडलेली आहे. आकड्यांचा आढावा हा मुळात वाचायचा कागद आहे, ऐकायचा नव्हे.

एवढं हाताशी असलं की मेल अर्ध्या तासात होते. ती अशी दिसेल:

> विषय: सूचना व अजेंडा: संचालक मंडळाची बैठक क्र. 4 (2025-26), शनिवार 14 मार्च, स. 11.00. दोन निर्णय अपेक्षित
>
> सर्व सन्माननीय संचालकांस,
>
> संचालक मंडळाची बैठक शनिवार, दि. 14 मार्च 2026 रोजी सकाळी 11.00 ते 12.40 या वेळेत नोंदणीकृत कार्यालयात (पूर्ण पत्ता) होईल. व्हिडिओद्वारे सहभागी व्हायचे असल्यास बुधवार, 11 मार्चपर्यंत कळवावे. लिंक खाली दिली आहे.
>
> आपल्याकडून निर्णय हवा: विषय 2 व 3. आधी वाचावे: कागद 02 (2 पाने, अवश्य), कागद 04 (3 पाने). बाकीचे संदर्भासाठी.
>
> 1. 11.00 ते 11.05. गणपूर्ती, अनुपस्थितीची रजा, मागील इतिवृत्ताची नोंद. कागद 01.
> 2. 11.05 ते 11.45. निर्णय: सीएनसी यंत्र खरेदी (82 लाखांपर्यंत) व 50 लाखांचे मुदत कर्ज. कागद 02, ठरावाचा मसुदा पान 2 वर. कोटेशन 20 मार्चपर्यंत वैध.
> 3. 11.45 ते 11.50. निर्णय: चालू खात्यावरील सहीधारकात बदल. कागद 03.
> 4. 11.50 ते 12.20. चर्चा: पुढील वर्षाचे अंदाजपत्रक. मंजुरी पुढील बैठकीत. आज फक्त विक्रीचे उद्दिष्ट व नवी भरती यावर मत हवे. कागद 04.
> 5. 12.20 ते 12.30. माहिती: फेब्रुवारीअखेरचे आकडे. सादरीकरण नाही, फक्त प्रश्न. कागद 05.
> 6. 12.30 ते 12.40. अध्यक्षांच्या परवानगीने इतर विषय.
>
> विषय 2 वरील प्रश्न गुरुवार, 12 मार्चपर्यंत कळवल्यास उत्तरे आकड्यांसह बैठकीत मिळतील.

यातल्या "निर्णय, चर्चा, माहिती" या तीन शब्दांवर बरंच अवलंबून आहे. चौथ्या विषयाकडे पाहा: मंजुरी आज नाही, पण मत दोनच गोष्टींवर हवं, असं लिहिलंय. ते नसतं तर कुणीतरी चहाच्या खर्चाची ओळ काढली असती. आणि वाचायला सांगितलेली पानं मोजून पाच आहेत. तुम्ही साठ पानं "कृपया वाचून यावे" म्हणून पाठवलीत, तर कुठली पाच महत्त्वाची हे निवडण्याचं तुमचं काम तुम्ही पाच जणांवर ढकललंत. ते कुणीच करणार नाही.

पाठवायची कधी? कायद्याने किमान सात दिवस आधी सूचना द्यायची असते; मेलने चालते, पण संचालकाने कंपनीकडे नोंदवलेल्या पत्त्यावर. अजेंडा आणि टिपणंही तेवढीच आधी जायला हवीत, हे सेक्रेटरियल स्टँडर्ड-1 सांगतं. सुरक्षित मोजणी अशी की पाठवल्याचा दिवस धरू नका आणि मीटिंगचाही धरू नका. 14 तारखेच्या मीटिंगसाठी मधले सात दिवस 7 ते 13 मार्च, म्हणून मेल शुक्रवारी 6 तारखेला जायला हवी. कुणाला कुरिअरने किंवा स्पीड पोस्टने पाठवणार असाल तर आणखी दोन दिवस आधी. घाईचं काम असेल तर कमी मुदतीतही बोलवता येतं, पण मुदत कमी आहे हे सूचनेत लिहावं लागतं. स्वतंत्र संचालक असतील तर त्यांच्यापैकी एकाची उपस्थिती किंवा नंतरची मान्यताही लागते. ग्रुपवर "शनिवारी 11 ला भेटू" हा मेसेज आठवणीपुरता ठीक आहे, त्याला सूचना समजू नका. पाठवलेली मेल आणि ती पोचल्याचा पुरावा मीटिंगच्या तारखेपासून किमान तीन वर्षं जपायचा असतो, म्हणून सेंट फोल्डरवर विसंबण्यापेक्षा पीडीएफ करून बैठकीच्या फोल्डरमध्ये ठेवा. (सेक्शन 8 खालच्या ना-नफा कंपन्यांना हे स्टँडर्ड लागू नाही, आणि गृहनिर्माण संस्थांचे नियम वेगळे आहेत. तिथे हे आकडे जसेच्या तसे उचलू नका.)

कागद जोडताना फाइलचं नाव विषयाच्या क्रमाने द्या: `02_Machine_Note.pdf`. `Final_new_2.pdf` आलं की मीटिंगमध्ये प्रत्येकाच्या हातात वेगळा कागद असतो. सगळे जोड मिळून 25 एमबीच्या वर गेले तर जीमेल ते जोड म्हणून पाठवत नाही, ड्राइव्हची लिंक करतं. तेव्हा लिंक प्रत्येक संचालकाच्या नेमक्या मेल आयडीला उघडून द्या आणि कंपनीबाहेरच्या एखाद्या खात्यातून उघडून पाहा. शनिवारी सकाळी साडेदहाला येणाऱ्या परवानगीच्या विनंत्या म्हणजे आठवडाभर कुणी कागद उघडलेच नव्हते याची खूण. "लिंक असलेल्या कुणालाही" अशी सेटिंग मात्र ठेवू नका. कर्जाचे कागद त्यात आहेत.

मेल गेल्यावर टिपणात चूक सापडली तर पूर्ण संच पुन्हा पाठवू नका. एकच कागद, नावात `02_Machine_Note_R1.pdf`, आणि मेलमध्ये एक ओळ: "पान 1 वरील तक्त्यात वाहतूक व पायाचा खर्च 40 हजारांऐवजी 58 हजार, एकूण मर्यादा 82 लाखच."

राहिला सहावा विषय, "इतर". अजेंड्यावर नसलेला विषय अध्यक्षांची परवानगी आणि उपस्थितांपैकी बहुसंख्य संचालकांची संमती असेल तरच घेता येतो, आणि स्वतंत्र संचालक असल्यास त्या बहुमतात त्यांच्यापैकी किमान एक हवा. त्या दहा मिनिटांत पैशांचा विषय सरकवायला कुणी निघालं, तर टिपण नाही एवढं एकच कारण तो पुढे ढकलायला पुरेसं आहे. त्यासाठी 12 तारखेला दुपारी सगळ्यांना एक फोन करा: "आणखी काही विषय आणायचाय का साहेब?" तेव्हाच कळलं, तर निदान एका पानाचं टिपण करायला दीड दिवस मिळतो.