तुम्ही विचारलंत म्हणून: चित्र कुणाचं, माहिती कुठली

"मॅडम, चौथीच्या पोरांना चित्र कुणाचं आणि माहिती कुठनं घेतली ते लिहायला लावता, त्यांना ते कळतं का? आणि शिकवता कसं?"

कळतं की. फक्त कायदा, कॉपीराइट असं काही काढायचं नाही. माझी चौथीच्या पोरांना एकच अट असते, तुम्ही जे लिहिलंय ते वाचून शेजारच्या गटाला ती गोष्ट परत सापडली पाहिजे. बस. सापडली तर नोंद बरोबर, नाही सापडली तर अर्धवट.

पहिली-दुसरीत लिहिणं नसतंच जवळपास, तिथं तोंडी चालतं. प्रत्येकानं आठवडी बाजारातली एक वस्तू काढायची, मेथीची जुडी, वजनकाटा, काहीही, मग सगळी चित्रं एका खोक्यात टाकायची आणि दुसऱ्यांची चित्रं घेऊन एक मोठा तक्ता करायचा. चिकटवताना म्हणायचं, "हा वजनकाटा अमक्यानं काढलाय", आणि मी खाली त्याचं नाव लिहिते. दुसऱ्या दिवशी एका चित्राखालचं नाव पुसून तिथं माझं नाव लिहून ठेवायचं. वर्ग पेटतो अक्षरशः, "बाई, ते तुमचं नाहीये!" पण हे करायच्या आधी ज्याचं चित्र आहे त्याला गुपचूप सांगून त्याची संमती घेतलेली बरी, नाहीतर तो खरंच रडतो आणि तास तिथंच संपतो.

तिसरी-चौथीत पट्टी येते. कागदाची बोटभर रुंद पट्टी, तिच्यावर तीन गोष्टी: काय आहे, कुणाचं आहे, कुठं मिळालं. चित्र किंवा माहिती हातात आली की लगेच पट्टी लिहून टाचणीनं त्यालाच टोचायची. शेवटी आठवून लिहू म्हटलं की संपलं, मग सगळ्यांच्या तक्त्यावर कोपऱ्यात एकच शब्द असतो, "गुगल". गुगलला मी नाही म्हणत नाही, मी पट्टी शेजारच्या गटाकडे देते आणि पाच मिनिटांत शोधा म्हणते. ते शोधतात, हजार फोटो येतात, त्यातला कुठला ते कळत नाही, आणि येऊन सांगतात की पट्टी काहीच उपयोगाची नाही. मी सांगण्यापेक्षा हे जास्त लागतं.

आता एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण ह्याच्यामुळं हे सगळं कशासाठी ते पोरांना पटलं. आपल्या पाटण तालुक्यात कोयनेचा भूकंप हा विषय घ्यायला सोपा, घरात सांगणारं कुणीतरी असतंच. एका गटानं तारीख लिहिली ११ डिसेंबर १९६७, दुसऱ्यानं १० डिसेंबर. भांडण सुरू. मी कोण बरोबर ते सांगितलंच नाही, म्हटलं पट्ट्या काढा. पहिल्या पट्टीवर होतं, "भूकंप कधी झाला. सांगितलं: माझे आजोबा. घरी विचारलं." दुसरीवर एका इंग्रजी वेबसाइटचं नाव आणि पानाचं शीर्षक. दोन्हीकडे परत जाता येत होतं म्हणून गेलो. आजोबांना परत विचारून आलेली पोरगी म्हणाली की पहाट होती, अंधार होता, सगळी झोपलेली. वेबसाइटचं पान उघडलं तर तारखेच्या पुढं वेळ २२:५१ आणि त्याच्यापुढं UTC ही तीन अक्षरं. मग घड्याळाचा धडा घ्यावा लागला, ही जगाची एक ठरवलेली वेळ, आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढं. फळ्यावर २२:५१ मध्ये ५:३० मिळवले, मध्यरात्र ओलांडली आणि आलं पहाटेचं ४:२१, तारीख ११ डिसेंबर. म्हणजे आजोबा पण बरोबर आणि वेबसाइट पण. पट्ट्या नसत्या तर ज्याचा आवाज मोठा त्याची तारीख तक्त्यावर गेली असती.

भूकंप किती मोठा होता ह्याचं मात्र असं सुटलं नाही. कुठं ६.३ मिळतं, कुठं ६.५, कुठं ६.६. तिथं चौथीतल्या पोरांनी एक आकडा खरा ठरवायचा नसतो, "अमुक पुस्तकात ६.५ दिलाय" एवढंच लिहायचं. हे त्यांना जमतं, मोठ्यांनाच जमत नाही कधीकधी.

आजीआजोबांचं नाव पट्टीवर आलं पाहिजे ह्याबद्दल मी जरा हट्टी आहे. पोरांना वाटतं पुस्तक आणि नेट म्हणजे माहिती, घरात सांगितलं ती गप्पा. फक्त वर्गाबाहेर तक्ता लावणार असू तर त्यांना आधी विचारायचं, नाव घालू का म्हणून.

फोटोंचं थोडं वेगळं. फोनवर शोधल्यावर जी चित्रांची जाळी दिसते तिथनं उचलायचं नाही, चित्रावर दाबून ते ज्या पानावर आहे ते पान उघडायचं. तरीसुद्धा त्या पानवाल्यानंच कुठनं तरी उचललेलं असू शकतं, त्यामुळं चौथीला मी सरळ विकिमीडिया कॉमन्स ह्या फोटोंच्या खुल्या साइटवर नेते. कोयना धरण शोधलं, फोटो उघडला, की खाली Author आणि License असं दिसतं. Author पुढं जे असेल ते तसंच्या तसं उतरवायचं, ते नाव आकडे घातलेलं विचित्र असलं तरी. पट्टीवर येतं: "कोयना धरण. फोटो: (तिथलं नाव). विकिमीडिया कॉमन्स." पाचवी-सहावीला मी त्यात CC BY-SA 4.0 असं जे लिहिलेलं असेल ते पण घालायला लावते आणि अर्थ सांगते, की नाव दिलंत तर वापरा, बदल केलात तर तसं सांगा, आणि बदललेलं पुढं दिलंत तर ह्याच अटीवर द्या. चौथीला हे नको, उगाच पाठ करतील.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो असेल आणि कुणाचा ते कळत नसेल तर तो चिकटवत नाही, पोरं स्वतः धरण काढतात. फोटो बघून काढलं असलं तर "आम्ही काढलं, फोटो बघून" हे पण लिहितात.

आणि स्टेशनरीच्या दुकानातला चित्रांचा तयार कागद. तुमच्याकडेही हाच घोळ असणार. त्याच्या खालच्या कडेला बारीक अक्षरात छापणाऱ्याचं नाव असतं बऱ्याचदा, आणि पोरं कात्री चालवताना पहिल्यांदा तीच कड कापून टाकतात. म्हणून आमच्या वर्गात कात्री नंतर मिळते, आधी कड वाचून पट्टी. कडेला काहीच नसेल तर "दुकानातला तक्ता, नाव छापलेलं नाही" असं लिहायचं, तेही चालतं.

पालक विचारतात की नाव लिहिलं म्हणजे काहीही वापरता येतं का. नाही. वर्गात शिकवताना-शिकताना वापरायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे, पण तोच तक्ता शाळेच्या यूट्यूबवर किंवा छापील अंकात गेला की ती सूट गृहीत धरू नका. त्या वेळी पट्ट्या वाचून आधी बघते की कुठला फोटो तशा परवानगीचा आहे, आणि बाकीच्यांच्या जागी पोरांनी काढलेली चित्रं लावते.