मागच्या तारखेपासूनची पगारवाढ: फरक मिळाला, स्लिप वाचली, 10E भरला

ऑगस्ट 2024 च्या पगारात माझ्या खात्यावर नेहमीपेक्षा बरीच मोठी रक्कम आली. पगारवाढ 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू होती, पत्र मात्र ऑगस्टमध्ये मिळालं. महिना 1,00,000 वरून 1,10,000. म्हणजे ऑक्टोबर ते जुलै अशा दहा महिन्यांचा फरक 1,00,000 रुपये. ऑगस्टचा पगार नव्या दराने आला, त्यामुळे तो फरकात धरायचा नाही.

स्लिपवर हा फरक घटकांनुसार पडतो: Arrear Basic, Arrear HRA वगैरे. कुठल्या महिन्याचे किती, हे तिथे दिसत नाही. म्हणून पेरोलकडून महिनावार फरकाचा तक्ता मागून घ्या, पुढे तोच लागतो. बिनपगारी रजा असेल तर त्या महिन्याचा फरकही कापला जातो. डिसेंबरमध्ये दोन दिवस रजा असेल, तर 10,000 ऐवजी 29/31 या हिशोबाने 9,355 मिळतात. ही चूक नाही.

पीएफचं मात्र नीट बघा. माझ्या वाढीतले 5,000 बेसिकमध्ये होते आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापतात, म्हणून फरकातून 50,000 च्या 12 टक्के, म्हणजे 6,000 गेले. 15,000 च्या मर्यादेवर पीएफ कापणाऱ्यांच्या फरकातून काहीच जात नाही. आपले 6,000 गेले असतील तर कंपनीचा वाटाही पासबुकात जमा झाला का, ते पाहून घ्यायचं.

आता कर. पेरोलने संपूर्ण लाख रुपये 2024-25 चं उत्पन्न धरलं, आणि ते बरोबरच आहे. आधी कर न लागलेला फरक ज्या वर्षी हातात पडतो, त्या वर्षी करपात्र होतो. मागच्या वर्षाचं रिटर्न सुधारून भरावं लागतं, हा गैरसमज मी बऱ्याच जणांचा पाहिला आहे; तसं करायचं नसतं. पण वरच्या स्लॅबमुळे जादा कर बसला असेल, तर कलम 89 खाली सूट मिळते, नव्या करप्रणालीतसुद्धा.

सूट फक्त मागच्या वर्षाच्या भागावर. एप्रिल ते जुलैचे 40,000 याच वर्षाचे, ते सोडा. उरले ऑक्टोबर ते मार्चचे 60,000. दोन्ही वर्षं मी नव्या प्रणालीत होतो आणि दुसरं उत्पन्न नव्हतं, म्हणून हिशोब सरळ झाला. 2024-25 मध्ये प्रमाणित वजावटीनंतर हे 60,000 सोडून करपात्र उत्पन्न 12,45,000 होतं. त्यावर हे 60,000 ठेवले की ते सगळे 20 टक्क्यांत जातात, सेससह कर 12,480. तेच 2023-24 च्या 11,50,000 वर ठेवले, तर पहिल्या 50,000 ला 15 टक्के आणि शेवटच्या 10,000 ला 20 टक्के. सेससह 9,880. दोन्हींतला फरक 2,600, हीच माझी सूट.

ती मिळवायला आयकर विभागाच्या पोर्टलवर फॉर्म 10E भरावा लागतो, आणि तोही रिटर्नच्या आधी. e-File मध्ये Income Tax Forms उघडून 10E शोधा. असेसमेंट वर्ष फरक मिळाला त्याचं, म्हणजे 2024-25 या आर्थिक वर्षासाठी 2025-26. इथे 2024-25 निवडलं की फॉर्म भरूनही उपयोग नाही. पुढे Annexure I आणि त्यातला Table A. त्यात मागच्या वर्षाचं करपात्र उत्पन्न त्या वर्षीच्या रिटर्नमधून घ्यायचं. स्लिपवरचा ढोबळ पगार टाकला तर 11,50,000 च्या जागी 12,00,000 येतात, आणि 60,000 पूर्ण 20 टक्क्यांत गेल्याने सूट शून्य दिसते. मागच्या वर्षाचा कर त्याच वर्षाच्या स्लॅबने काढायचा, आजच्या नव्हे. शेवटी ई-व्हेरिफाय केल्याशिवाय फॉर्म दाखल होत नाही.

मग रिटर्नमध्ये कलम 89 च्या रकान्यात तीच 2,600 ची रक्कम टाकायची. 10E न भरता ती टाकली, तर आयकर विभागाच्या 143(1) च्या सूचनेत सूट नाकारलेली येते आणि कराची मागणी निघते. कंपनीने टीडीएस काढतानाच सूट दिली असेल, फॉर्म 16 मध्ये ती दिसत असेल, तरीही पोर्टलवरचा फॉर्म आपणच भरायचा. लोक नेमके इथेच अडकतात.

फॉर्म भरण्याआधी कागदावर हिशोब मात्र करून बघा. महिना 80,000 वरून 88,000 झालेल्या माणसाचा याच सहा महिन्यांचा फरक 48,000. 2023-24 मध्ये त्यावर 7,488 कर बसला असता. 2024-25 मध्ये स्लॅब रुंदावले आणि प्रमाणित वजावट 75,000 झाली, म्हणून तो 6,500 च बसतो. उशिरा मिळाल्याने त्याचा कर उलट कमी झाला, त्यामुळे सूट नाही आणि 10E भरायचंही कारण नाही.