लांडग्याच्या तोंडी, परीक्षेच्या दारी

उत्तर इटलीतील एका विद्यापीठात मी हिंदी शिकवते. तेथे बऱ्याच परीक्षा तोंडी असतात, गुण 30 पैकी मिळतात आणि 18 ला उत्तीर्ण धरतात. परीक्षेच्या दिवशी खोलीबाहेर ताटकळणारे विद्यार्थी आत जाणाऱ्या प्रत्येकाला ‘इन बोक्का अल लूपो’, म्हणजे ‘लांडग्याच्या तोंडात’, असे म्हणतात आणि जाणारा ‘क्रेपी!’, म्हणजे ‘मरो तो!’, असे उत्तर देऊन दार ढकलतो.

फेब्रुवारीतील एका सत्रात स्पेनहून आलेल्या एका विद्यार्थिनीने या शुभेच्छेला हसून ‘ग्रात्सिए’ म्हटले, आणि चार-पाच जण एकदम ओरडले, ‘आभार मानायचे नसतात!’ तिला दारातून मागे बोलावण्यात आले, शुभेच्छा पुन्हा दिली गेली आणि तिने ‘क्रेपी’ म्हटल्यावरच तिला आत सोडले. दरम्यान एकाने खिशातील किल्ल्यांना हात लावून घेतला, कारण अपशकुन टाळण्यासाठी इटलीत लोखंडाला स्पर्श करतात.

तिची परीक्षा आटोपल्यावर माझ्या ज्येष्ठ सहकारी प्राध्यापकांनी तिला कारण समजावून सांगितले. परीक्षेपूर्वी किंवा रंगमंचावर जाण्यापूर्वी उघडपणे ‘यश मिळो’ म्हटले तर ते नशिबाला डिवचल्यासारखे होते, म्हणून मुद्दाम वाईट तेच बोलायचे. आपण बाळाच्या गालावर तीट लावतो, त्यातलाच हा प्रकार. मात्र हे बोलणे अर्धेच असते. समोरच्याने लांडग्याला मारले की ते पूर्ण होते. आभार मानणारा लांडगा जिवंत ठेवतो आणि स्वतः त्याच्या जबड्यात उभा राहतो, शिवाय ती शुभेच्छाच होती हे उघड करून सगळा बनाव मोडतो.

यावर एका विद्यार्थ्याने हरकत घेतली. लांडगी पिल्लांना तोंडात धरून सुरक्षित जागी नेते, तेव्हा ते तोंड म्हणजे आसराच होय, म्हणून उत्तर ‘वीवा इल लूपो’, ‘लांडगा जगो’, असे द्यावे, असे त्याचे म्हणणे होते. हे उत्तर अलीकडे बरेच ऐकू येते. 1970 च्या सुमारास इटलीत जेमतेम शंभरेक लांडगे उरले होते आणि 1971 मध्ये त्यांच्या शिकारीवर बंदी आली, हे लक्षात घेता या बदलामागची भावना मला समजते. पण पिल्लांची ही गोष्ट मागाहून जोडलेली दिसते. लांडगा म्हणजे संकट, ही समजूत शिकारी आणि मेंढपाळांच्या जगातली आहे, आणि ‘क्रेपी’ हे उत्तर त्याच समजुतीला धरून आहे. प्राध्यापकांचेही हेच मत होते, तरी त्या मुलाला त्यांनी अडवले नाही; दोन्ही उत्तरे चालतील, आभार तेवढे नकोत, असे ते म्हणाले.

त्या विद्यार्थिनीला 27 गुण मिळाले. आता तरी ‘ग्रात्सिए’ म्हणू का, असे तिने विचारताच ते म्हणाले, ‘गुण नोंदवून झाले आहेत, आता खुशाल म्हण.’